फोटोतलं उत्तर परीक्षेत नको, सरावाला चालेल

कोविडच्या काळात परीक्षा घरात आली. कंपनी सेक्रेटरी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षासुद्धा ऑगस्ट २०२० मध्ये उमेदवारांनी घरी बसून, कॅमेऱ्यासमोर दिली. अशा परीक्षेत पलीकडे पर्यवेक्षक असतो, तो ओळखपत्र बघतो. खोलीत दुसरं कोणी नाही, मोबाईल जवळ नाही, बाहेरची मदत घेणार नाही, हे उमेदवाराने आधीच मान्य केलेलं असतं. तरीही प्रश्नाचा फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा किंवा उत्तरं देणाऱ्या ॲपला द्यायचा आणि आलेलं उत्तर उतरवून काढायचं, हा प्रकार होतो. "पुस्तकात आहे तेच तर लिहिलं," असं वर सांगितलंही जातं.

उत्तर बरोबर की चूक, हा इथे मुद्दाच नाही. परीक्षक विचारतो ते असं: हा प्रश्न तुला एकट्याला, इतक्या वेळात, मदतीशिवाय सुटतो का? फोटोतलं उत्तर उतरवणारा या प्रश्नाला 'हो' म्हणतो आणि ते 'हो' खोटं असतं. पुस्तक उघडून लिहायच्या परीक्षेत पुस्तक बघणं लबाडी ठरत नाही, कारण तिथे ती मुभा सगळ्यांनाच असते. इथे ती कुणालाच नसते. जागा मोजक्या असल्या तर एकाने असा पुढे घेतलेला नंबर दुसऱ्या कुणाचा तरी जातो. उत्तर पाठवणारा मित्रही यातून सुटत नाही. आणि परीक्षा चालू असताना प्रश्नाचा फोटो बाहेर गेला, तर तो पेपर फुटणंच झालं.

कॅमेऱ्याने पकडलं नाही म्हणून ते चोख ठरत नाही. उलटही होतं. लाईट गेली, आजी चहा घेऊन खोलीत आली, तर प्रामाणिक मुलाच्या नावापुढेही खूण पडू शकते. अशा वेळी पर्यवेक्षकाला तिथल्या तिथे सांगून टाकावं.

आता सरावाचं बघू. फोटोतली उत्तरं तिथे खरंच उपयोगी पडतात, फक्त क्रम पाळायला हवा. आधी घड्याळ लावून गणित स्वतः पूर्ण सोडवायचं, मगच फोटोतलं उत्तर उघडायचं. शेवटचा आकडा जुळतो का, हे आधी बघू नये. दोन्ही उत्तरं वरून ओळीने ताडत यावं आणि पहिली न जुळणारी ओळ गाठावी. चूक कुणाचीही असो, ती तिथेच सापडते.

अकाउंट्सचं एक साधं गणित घेऊ. १ जुलै २०२३ रोजी १,८०,००० रुपयांचं यंत्र घेतलं, उभारणीला २०,००० लागले. घसारा दरसाल १० टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीने. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. दोन वर्षांनी यंत्राची शिल्लक किती?

समजा, फोटोतल्या उत्तरात पहिल्या वर्षाचा घसारा २०,००० आहे, दुसऱ्याचा १८,००० आणि शिल्लक १,६२,०००. मांडणी सुबक, बेरीज-वजाबाकी चोख. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र पहिलाच आकडा १५,००० आहे. इथे थांबायचं. यंत्र जुलैत आलं, म्हणजे पहिल्या वर्षी ते नऊच महिने वापरात होतं. २,००,००० वर १० टक्के म्हणजे २०,०००, त्याचे नऊ महिन्यांचे १५,०००. शिल्लक १,८५,०००, दुसऱ्या वर्षाचा घसारा १८,५०० आणि अखेरची शिल्लक १,६६,५००. फोटोतलं उत्तर १ एप्रिलला घेतलेल्या यंत्राचं होतं! प्रश्न सारखा दिसला की असं दुसऱ्याच गणिताचं उत्तर हाती येऊ शकतं. हाताने लिहिलेला प्रश्न असेल तर मराठीतले १ आणि ९ फोटोत एकसारखे दिसतात, ते वेगळंच. परीक्षेत घाईघाईने उतरवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण ताडून बघायला त्याच्याकडे स्वतःचं उत्तरच नसतं.

चूक आपली निघाली तर ती ओळ का चुकली, हे वहीत एका वाक्यात लिहावं आणि फोटो बंद करावा. दुसऱ्या दिवशी तारीख बदलून तेच गणित पुन्हा करावं. यंत्र १ ऑक्टोबरला आलं असं धरलं तर पहिल्या वर्षी सहाच महिने, घसारा १०,०००. पुढच्या वर्षी १९,००० आणि शिल्लक १,७१,०००. हे न बघता जमलं तर पद्धत हाती आली असं समजायला हरकत नाही.

थिअरीच्या प्रश्नांना हा उपाय तितकासा लागू पडत नाही. तिथे ताडायला आकडा नसतो, म्हणून फोटोतलं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या त्या प्रकरणाशीच पडताळावं लागतं. घरी सोडवून द्यायच्या ज्या कामाला गुण आहेत, ते सरावात धरू नये, तिथे शिक्षकांनी दिलेली मुभा बघावी. सरावाला पेपर घ्यायचा तो जुना. एकाच परीक्षेच्या अनेक बॅचेस असतील तर सकाळच्या बॅचचे प्रश्न दुपारच्या बॅचसाठी जुने होत नाहीत. सगळ्या बॅचेस संपून संस्थेनेच पेपर खुला केला की तो खुशाल सोडवायला घ्यावा.