चौदा विरुद्ध दहा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, जिरार्ड नावाच्या गावातून इमॅन्युएल हॉल्डमन-ज्युलियस हा प्रकाशक पाच-पाच सेंटांची छोटी निळी पुस्तकं विकत असे. जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रात पुस्तकांच्या नावांची लांबलचक यादी. ना चित्र, ना परिचय. गिऱ्हाईक नाव वाचूनच पुस्तक मागवणार. त्यामुळे वर्षाला दहा हजार प्रती न खपणारं पुस्तक तो आपल्या ‘हॉस्पिटल’मध्ये पाठवी आणि तिथे बहुधा त्याचं नाव बदललं जाई. तेओफिल गोतिएच्या ‘सोन्याची लोकर’ अशा अर्थाच्या नावाच्या कथेच्या १९२५ साली सहा हजार प्रती गेल्या. नाव बदलून ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचं केलं, आणि १९२६ मध्ये पन्नास हजार गेल्या. आत मजकूर तोच.

जाहिरातवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. फरक एवढा मोठा आहे की नव्या नावाचा प्रभाव मीही नाकारणार नाही. पण परीक्षा म्हणून ती लंगडी आहे. जुनं नाव एका वर्षी विकलं, नवं दुसऱ्या वर्षी. मधल्या काळात जाहिराती किती वाढल्या, कुठल्या पेपरात गेल्या, हे सगळं त्या पन्नास हजारांत मिसळलेलं असणार. शिवाय ‘हॉस्पिटल’मध्ये जाणारं पुस्तक मुळात वाईट वर्ष काढलेलं. वाईट वर्षानंतरचं वर्ष नाव न बदलताही पुष्कळदा थोडं बरं जातं.

याला उपाय त्याच काळातल्या टपालाने माल विकणाऱ्यांनी काढला होता. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचं कूपन असे आणि त्यावरच्या पत्त्यात एक खोटाच विभाग-क्रमांक. कूपन परत आलं की कुठल्या जाहिरातीमुळे आलं ते कळे. पुढे काही वर्तमानपत्रांनी एकाच दिवशी, एकाच पानाच्या एकाच जागी दोन मजकूर छापून देण्याची सोय केली. एका प्रतीत पहिला, पुढच्या प्रतीत दुसरा. दिवस तोच, गल्ली तीच, हवाही तीच. फरक उरला तो फक्त मजकुराचा.

आपल्याकडे सकाळच्या पेपरात घालून येणाऱ्या पत्रकांना हीच युक्ती जशीच्या तशी लागू पडते. समजा, पुण्यात डबे देणाऱ्या एका बाईंनी पत्रकाचे दोन मसुदे केले आहेत. पहिला म्हणतो, ‘अस्सल घरगुती चवीचे सात्त्विक व पौष्टिक भोजन आता आपल्या दारी!’ दुसरा म्हणतो, ‘दुपारी साडेबाराला गरम डबा. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. महिना २,८०० रुपये. रविवारी सुट्टी.’ यातला एक निवडायला परीक्षेची गरज नाही. पहिल्यातलं एकेक विशेषण शहरातल्या कुठल्याही खाणावळीला चिकटवता येतं, आणि वाचून झाल्यावरही डबा केव्हा येणार, केवढ्याला पडणार हे विचारायला फोन करावाच लागतो. दुसरा मसुदा वाचणाऱ्याला मनातल्या मनात हिशेब करू देतो. रविवारची सुट्टी त्याने आधीच सांगून टाकली, यानेही थोडा विश्वास बसतो. दुसरा घ्यावा, पहिला फाडून टाकावा.

खरा प्रश्न पुढचा. वर ठळक अक्षरात काय लिहायचं? ‘दुपारी साडेबाराला गरम डबा’ की ‘आई-वडील घरी एकटे असतात? त्यांचं दुपारचं जेवण आमच्याकडे’? पहिला मथळा वस्तू सांगतो, दुसरा गिऱ्हाईक. इथे तर्काने निकाल लागत नाही, म्हणून इथे परीक्षा हवी. ‘गरम डबा’ की ‘गरमागरम डबा’ असल्या फरकाच्या नादी लागण्यात अर्थ नाही. तो मोजायला पुण्यातली पत्रकं पुरणार नाहीत.

मथळा सोडून दोन्ही पत्रकांत काहीच बदलायचं नाही: कागद, रंग, दर, खालचा मजकूर सगळं सारखं. बदलायचा तो आणखी फक्त फोन नंबर, कारण आपली खूण तीच. दोन सिमच्या मोबाईलवर कॉल कुठल्या सिमवर आला ते दिसतं, आणि उचलणारी व्यक्ती एकच राहते. एक नंबर सुनेकडे आणि दुसरा सासूबाईंकडे दिला, तर मोजली जाईल ती दोघींची बोलण्याची पद्धत.

बहुतेक गोंधळ होतो तो वाटपात. एक गठ्ठा कोथरूडच्या पेपरवाल्याला आणि दुसरा हडपसरच्या पेपरवाल्याला दिला, की परीक्षा मथळ्याची न राहता कोथरूड-हडपसरची होते. एक या आठवड्यात, दुसरं पुढच्या आठवड्यात, हाही तोच घोटाळा. मध्ये पगाराची तारीख येते किंवा शाळांना सुट्टी लागते. म्हणून दोन्ही पत्रकं घरीच एकाआड एक लावायची आणि असे मिसळलेले गठ्ठे पेपरवाल्यांना द्यायचे. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढच्या मोजणीला अर्थ नाही.

मोजायचं काय, तेही आधीच ठरवावं. दुसऱ्या मथळ्यावर चौकशीचे फोन भरपूर येतील आणि निम्मे लोक ‘पथ्याचं मिळेल का’ विचारून ठेवून देतील, असं होऊ शकतं. तेव्हा दहा दिवसांत ज्यांनी महिन्याचे पैसे भरले तेवढेच मोजायचे.

आता समजा दोन-दोन हजार पत्रकं गेली आणि गिऱ्हाइकं आली चौदा आणि दहा. चाळीस टक्के जास्त! इथेच बहुतेक जण निकाल जाहीर करून टाकतात. पण एक नाणं चोवीस वेळा उडवून पाहा. नाण्यात काहीही खोट नसली तरी निम्म्याहून जास्त वेळा छापा-काट्यात एवढा किंवा याहून मोठा फरक पडतो. म्हणजे दोन्ही मथळे अगदी सारख्या वकुबाचे असले तरी चौदा-दहा सहज होऊ शकतं.

ढोबळ नियम असा: दोन्ही पत्रकं समसमान वाटली असतील, तर एकूण गिऱ्हाइकांचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. फरक त्याहून मोठा असेल तरच त्याकडे लक्ष द्यायचं. चोवीसचं वर्गमूळ जवळजवळ पाच, दुप्पट दहाच्या जरा खाली. सतरा-सात आले असते तर बोलता आलं असतं.

हाच हिशेब उलटा केला की डोळे उघडतात. हजार पत्रकांमागे पाच गिऱ्हाइकं येत असतील आणि चांगल्या मथळ्याने ती साडेसात होत असतील, तर दीडपटीचा हा फरक बऱ्यापैकी खात्रीने दिसायला प्रत्येक मथळ्याची सुमारे सोळा हजार पत्रकं वाटावी लागतात. ऑनलाइन जाहिरातीत एवढे डोळे लवकर मिळतात, पण तिथे वाटपाचा घोळ वेगळ्या रूपात येतो. फेसबुकवर दोन मजकूर एकाच संचात टाकले की त्याची यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकालाच जास्त दाखवू लागते. तिथे जाहिरात-चाचणीचा स्वतंत्र पर्याय निवडावा लागतो, म्हणजे प्रेक्षक आधीच दोन गटांत वाटले जातात.

डबेवाल्या बाईंपुढे दोन रस्ते आहेत. एक, चौदा-दहा ही बरोबरी मानून मनाला पटेल तो मथळा घ्यावा आणि तसं स्वतःशी कबूल करावं. दुसरा, महिन्याला नव्या भागात चार हजार, अशा आठ खेपा एकाआड एक वाटून सगळ्या खेपांची बेरीज शेवटी एकदाच करावी. तिसऱ्या खेपेला एक मथळा पुढे दिसला म्हणून तिथेच थांबायचं नाही. दर खेपेला डोकावून, पुढे दिसेल तिथे थांबलं, तर सारख्याच दोन मथळ्यांतही केव्हा ना केव्हा एक जिंकलेला सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून आठ हा आकडा आणि मोजायची तारीख पहिली खेप छापायला देण्याआधीच वहीत लिहून ठेवावी.