महागाई ५.४ टक्के की १.३ टक्के?

केंद्रीय सांख्यिकी खात्याने ३१ मे २०२४ रोजी २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे जीडीपीचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाचे, हंगामी अंदाज जाहीर केले. विकासदर ८.२ टक्के असल्याचे त्यात म्हटले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत हाच आकडा झळकला. त्या आकडेवारीत दडलेल्या आणखी एका आकड्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. त्याच्या हिशेबाने त्या वर्षी देशातील किमती केवळ १.३ टक्क्यांनी वाढल्या होत्या. प्रत्यक्षात त्याच वर्षाची किरकोळ महागाई सरासरी ५.४ टक्के होती, आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने घातलेला गोंधळ गृहिणी अजून विसरल्या नव्हत्या. त्या एका महिन्यात किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर पोचली होती. मग खरे काय मानायचे?

दोन्ही आकडे सरकारीच आहेत. फरक आहे तो कोणत्या वस्तूंच्या किमती मोजल्या यात. ग्राहक किंमत निर्देशांक कुटुंबाची पिशवी मोजतो. धान्य, भाजी, दूध, घरभाडे, औषधे, प्रवास अशा वस्तू व सेवांची यादी आणि त्यांचे भारांक आधीच ठरलेले असतात. २०१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांना सुमारे ४६ टक्के भार होता. त्यामुळे भाजी कडाडली की निर्देशांकही उसळतो.

जीडीपी डिफ्लेटरला अशी पिशवीच नसते. तो भागाकारातून निघतो. २०२३-२४ चा जीडीपी चालू किमतींना २९५.३६ लाख कोटी रुपये होता. २०११-१२ च्या स्थिर किमतींना तो १७३.८२ लाख कोटी भरला. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले, की १६९.९ हा डिफ्लेटर मिळतो. आदल्या वर्षी हेच आकडे २६९.५० आणि १६०.७१ लाख कोटी होते, म्हणजे डिफ्लेटर १६७.७. या दोहोंतील वाढ १.३ टक्के.

या भागाकारात देशात निर्माण होणारे सारेच येते. कोणतेही कुटुंब विकत न घेणारे पोलाद व यंत्रसामग्री त्यात असते, तसेच निर्यातीचा माल आणि सरकारी सेवाही. उलट आयात वस्तू त्यात नसतात. आपण खातो त्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते. पामतेल महागले तर ग्राहक निर्देशांक तत्काळ वाढतो. डिफ्लेटरवर थेट परिणाम होत नाही.

एवढ्याने चार टक्क्यांची दरी मात्र भरून निघत नाही. तिचे मोठे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. त्या मालिकेत कारखानदारीसह अनेक क्षेत्रांचे चालू किमतींतील उत्पादन स्थिर किमतींत आणताना घाऊक किमतींचा आधार घेतला जात असे. आणि २०२३-२४ मध्ये घाऊक किमती सरासरी ०.७ टक्क्यांनी उतरल्या होत्या.

त्यातही एक खोच आहे. समजा, एखादा कारखाना १०० रुपयांचा साबण विकतो आणि त्यासाठी ६० रुपयांचा कच्चा माल घेतो. त्याची मूल्यवृद्धी ४० रुपये. पुढच्या वर्षी तेवढाच साबण त्याच दराने विकला गेला, पण कच्चा माल ५० रुपयांत मिळाला, तर मूल्यवृद्धी ५० रुपये होते. आता साबणाची किंमत बदललेली नाही, म्हणून केवळ विक्रीच्या दराने हिशेब केला तर वास्तव उत्पादन २५ टक्क्यांनी वाढल्याचे आणि महागाई शून्य असल्याचे दिसते. साबण मात्र एका वडीनेही वाढलेला नाही! तयार माल आणि कच्चा माल या दोहोंच्या किमती स्वतंत्रपणे वजा केल्या तर खरी वाढ शून्य येते. या पद्धतीला दुहेरी अवमूल्यन म्हणतात. त्या मालिकेत शेतीसाठी ती वापरली जाई, कारखानदारीच्या बहुतांश भागासाठी नाही. म्हणूनच कच्चा माल स्वस्त होतो त्या वर्षी, डिफ्लेटर खाली आणि विकासदर वर असे चित्र दिसले, की अर्थतज्ज्ञ सावध होतात. कच्चा माल महागला की हाच दोष उलट्या दिशेने काम करतो.

रिझर्व्ह बँकेला दिलेले चार टक्क्यांचे लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकावर बेतलेले आहे, ते योग्यच म्हटले पाहिजे. तो निर्देशांक दरमहा हाती येतो. डिफ्लेटर तिमाहीला, तोही तिमाही संपल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी कळतो आणि पुन्हा बदलत राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच २०२३-२४ चे सुधारित आकडे आले, तेव्हा वास्तव विकासदर ८.२ वरून ९.२ टक्के झाला आणि चालू किमतींतील वाढ ९.६ वरून १२ टक्के. त्या हिशेबाने डिफ्लेटरची वाढ २.६ टक्के निघते, म्हणजे नऊ महिन्यांपूर्वी सांगितल्याच्या दुप्पट. त्याच वर्षाची ५.४ टक्के किरकोळ महागाई मात्र होती तेथेच राहिली.