वस्त्रोद्योगातील 'टाइम अँड ॲक्शन कॅलेंडर' : शालेय गणवेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
तयार कपड्यांचा माल उशिरा पोहोचला की दोष सामान्यतः शिलाई विभागास दिला जातो. वस्तुतः विलंबाचे मूळ बहुधा शिलाईपूर्वीच्या मंजुरींमध्ये असते. या मंजुरींचा माग ठेवण्यासाठी मर्चंडायझर जे वेळापत्रक वापरतो, त्यास 'टाइम अँड ॲक्शन कॅलेंडर' असे म्हणतात. शालेय गणवेशांच्या निर्मितीसाठी सोलापूर प्रसिद्ध आहे. तेथून धानोरा (जि. गडचिरोली) येथे पाठवावयाच्या १०,००० शर्टांचे काल्पनिक उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखात या वेळापत्रकाचे विवेचन केले आहे.

उलट गणना :
विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणून माल १५ जूनला धानोऱ्यात हवा असे मानू व तेथून मागे मोजत जाऊ. वाहतुकीस पाच दिवस धरल्यास माल १० जूनला निघावा आणि ८ जूनला अंतिम तपासणी होऊन पाठवणीची मंजुरी मिळावी. दररोज ५०० शर्ट या गतीने शिलाईस २० कामाचे दिवस लागतात. म्हणून शिलाई १५ मे रोजी व कटिंग ११ मे रोजी सुरू व्हावे. प्रत्यक्ष कापडातून शिवलेल्या पीपी सॅम्पलला ९ मेपर्यंत मंजुरी हवी व त्यासाठी कापड २ मे रोजी कारखान्यात यावे. रंगाईस २५ दिवस लागत असल्याने लॅब डिपची, म्हणजेच रंगछटेच्या लहान नमुन्याची, मंजुरी ६ एप्रिललाच मिळावयास हवी.

विलंबाचे स्वरूप :
सर्वच विलंब सारखे नसतात. मापे तपासण्याचे फिट सॅम्पल पर्यायी कापडातून शिवता येते. कापड रंगत असतानाच हे काम चालत असल्याने त्याची मंजुरी आठवडाभर लांबली तरी अंतिम तारीख ढळत नाही. लॅब डिपची मंजुरी मात्र ६ ऐवजी १३ एप्रिलला मिळाल्यास शिलाई २२ मेपासून सुरू होते. तरीही ६ जूनलाच संपवावयाची, तर १४ कामाच्या दिवसांत दररोज सुमारे ७१५ शर्ट शिवावे लागतात. ही गती न साधल्यास माल २२ जूनला पोहोचतो.

नोंदीची पद्धत :
प्रत्येक टप्प्यासमोर नियोजित तारीख, प्रत्यक्ष तारीख व मंजुरी देणाऱ्या व्यक्तीचे नाव असे तीन रकाने असावेत. नियोजित तारीख खोडून तेथे नवी लिहिल्यास विलंब कागदावरून नाहीसा होतो, कारखान्यात मात्र तो कायम राहतो. लॅब डिप पाठविल्यानंतर तिसऱ्या दिवशी उत्तर नसल्यास विचारणा करावी. मुदतीच्या दिवसाची वाट पाहू नये. एकाच वेळी तीन छटा पाठविल्यास नापसंतीनंतरची फेरी बहुधा वाचते.

निष्कर्ष :
वेळापत्रक स्वतः मंजुरी मिळवून देत नाही. खरेदीदाराने किती दिवसांत उत्तर द्यावे आणि त्यास उशीर झाल्यास माल पोहोचविण्याची तारीख तितकीच पुढे जाईल, ही अट खरेदी आदेशात नसेल, तर झालेल्या विलंबाचा भार अखेर शिलाई कामगारांच्या जादा तासांवर पडतो.