‘बघू की’ म्हणजे हो की नाही?

शहागडच्या गोदाकाठी ऊस तोडणीला आला की शेतकरी मुकादमाला फोन लावतो. “टोळी कधी टाकता?” पलीकडून उत्तर येतं, “टाकू की. बघू दोन-चार दिवसांत.” शेतकरी यात होकार किंवा नकार शोधत बसत नाही. तो विचारतो, “आत्ता कुणाच्या फडात आहात? कोयते किती आलेत?” एक कोयता म्हणजे तोडणाऱ्यांची एक जोडी. कोयते किती आणि शेजारच्या फडात ऊस किती उभा आहे, हे कळलं की तारीख तो स्वतःच काढतो. मुकादम खोटं बोललेला नसतो आणि शेतकरीही फसलेला नसतो. अर्धं उत्तर शब्दांत असतं, उरलेलं अर्धं शिवारात दिसत असतं.

याच भागातली पोरं आता पुण्यात नोकरीला लागलीत आणि रोज दुपारी नेदरलँड्स-जर्मनीतल्या सहकाऱ्यांशी कॉलवर बोलतात. तिकडच्या माणसाला शिवार दिसत नाही. त्याच्या हाती फक्त शब्द येतात.

आपल्याकडे नकार द्यायच्या कितीतरी रीती आहेत. मुलगी पाहून गेल्यावर “घरी बोलून कळवतो” असा निरोप आला आणि आठवडाभर फोन आला नाही, तर दोन्ही घरांना काय ते समजतं. “पत्रिका जुळत नाही” या वाक्याने तर कित्येक घरांची अब्रू राखली आहे. मला ही रीत मनापासून सुंदर वाटते. ज्याला नाही म्हणायचं, त्याच्याशी उद्याही बाजारात गाठ पडणार असते.

पंगतीतही हेच चालतं. पहिलं “नको” कुणी मोजतच नाही, वाढपी पुन्हा येणारच असतो. ॲमस्टरडॅममध्ये मात्र कॉफीला एकदा “नको” म्हटलं की विषय संपतो. पाहुणा तहानलेला राहतो आणि यजमानाला वाटतं, आपण त्याच्या शब्दाचा मान राखला.

आडवळणाने बोलणं फक्त आपल्याकडेच आहे असं कुणी समजू नये. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेड चिनी सैन्याच्या हल्ल्यात सापडली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगताना ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जरा अवघड आहे, असे शब्द वापरल्याचं सांगतात. ब्रिटिश कानाला त्यातली आणीबाणी कळली असती. अमेरिकन कानाला वाटलं, जरा अवघड आहे, पण टिकून आहेत. याच ब्रिगेडमधल्या ग्लॉस्टर रेजिमेंटचे पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले. दोघांची भाषा इंग्रजीच होती!

या विषयातला एक जीवघेणा ‘बघू’ मात्र आकाशात बोलला गेला. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून निघालेलं एव्हियांकाचं विमान न्यूयॉर्कवर आलं. हवा खराब होती आणि विमानांची रांग लागली होती. त्याला तासाहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावलं. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ हवी असल्याचं सांगितलं, ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टन त्याला म्हणाला, “इमर्जन्सी आहे हे त्यांना सांग.” तो नियंत्रकाला एवढंच म्हणाला, की पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत चाललंय. नियंत्रकाने आणखी एक मोठा वळसा सुचवला आणि विचारलं, हे तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर आलं, “आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.” वाटतं तसं, धन्यवाद. काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली. १५८ जणांपैकी ७३ जण गेले.

विचारलं होतं ते सरळ होतं, उत्तर अदबीचं होतं, आणि त्या अदबीत ‘नाही’ कुठेच नव्हतं.

विमानक्षेत्राने अशा गैरसमजांवर शोधलेला उपाय मला फार आवडतो. तिथे ‘हो’चे तुकडे केलेले आहेत. ‘रॉजर’ म्हणजे होकार नाही. तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं, एवढंच. ‘विल्को’ म्हणजे समजलं आणि तसं करतो. ‘अनेबल’ म्हणजे जमणार नाही, आणि हा शब्द वैमानिकाने बेधडक वापरावा अशीच अपेक्षा असते. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी सांगतो. तो होकारही नाही, नकारही नाही. इंधनासाठीही ठरावीक शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, आणि ‘मेडे फ्युएल’ म्हणजे आणीबाणी.

आपल्या कॉलवरच्या “येस, येस”मध्ये हे सगळे शब्द एकत्र मिसळलेले असतात. आपण ‘ऐकतोय’ म्हणून हुंकार भरतो, पलीकडचा ‘कबूल’ असं लिहून घेतो.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. सोमवार आहे. म्युनिकहून विचारणा होते, “शुक्रवारपर्यंत पूर्ण मॉड्यूल मिळेल?” तुम्हाला माहीत आहे, चाचणीलाच तीन दिवस लागणार आणि कोड बुधवारी रात्रीपर्यंत होणार. तोंडून निघतं, “येस, आय विल ट्राय.” मराठी मनात हा हळुवार नकार असतो. म्युनिकच्या वहीत शुक्रवार पक्का होतो आणि तो माणूस पुढे त्याच्या गिऱ्हाइकाला तीच तारीख देतो. खरा घोटाळा इथे होतो, कारण आता तुमच्या संकोचावर तिसऱ्याचाच शब्द उभा राहिलेला असतो.

त्याऐवजी असं म्हणता येतं: “शुक्रवारी पूर्ण मॉड्यूल होणार नाही. कोड बुधवारी रात्री होईल, पण चाचणीला तीन दिवस लागतात, म्हणून पुढच्या सोमवारी संध्याकाळी देतो. शुक्रवारी काहीतरी दाखवायचंच असेल, तर लॉगिनचा भाग तपासून देतो. चालेल?” नकार पहिल्याच वाक्यात आला, मग कारण, मग तारीख, शेवटी पर्याय. अदब आहे ती कारणात आणि पर्यायात. क्रम उलटा केला, आधी तीन मिनिटं अडचणी सांगून शेवटी हळूच नकार ठेवला, तर पलीकडचा अडचणींवर उपाय सुचवत बसतो आणि नकार हवेत विरतो. “सॉरी”ची माळही नको. चूक झाली असेल तरच माफी मागावी.

नकारार्थी प्रश्नापाशी जरा सांभाळा. “यू हॅवन्ट सेंट इट येट?” याला आपण अनेकदा “येस” म्हणतो, मनात असतं, बरोबर, नाही पाठवलं. समोरच्याला ऐकू येतं, पाठवलं. तिथे ‘येस’-‘नो’च्या वाटेला न जाता अख्खं वाक्य बोलावं: “नॉट सेंट येट, सेंडिंग ॲट फाइव्ह.”

तुम्ही विचारणारे असाल, तर “होईल ना?” असं विचारूच नका. त्याला “हो”च येणार. “आत्ता कुठवर आलंय? कशामुळे अडू शकतं?” असं विचारलं की खरं उत्तर बाहेर पडतं.

आणि ही सगळी सरळ रीत टोकियोत जशीच्या तशी नेऊ नका. जपानात ‘नाही’ टाळण्याच्या सोळा रीती केइको उएदा या अभ्यासिकेने १९७४ मध्ये नोंदवल्या होत्या. गप्प राहणं, प्रश्नाला प्रश्न करणं, विषय बदलणं ही त्यातली काही. तिथे भर बैठकीत दिलेला स्वच्छ नकार समोरच्याला खाली पाहायला लावतो. तोच नकार, त्याच तारखेसह आणि त्याच पर्यायासह, बैठकीच्या आदल्या दिवशी एकट्याला फोन करून सांगायचा. म्हणजे बैठकीत नवी तारीख तो स्वतःच मांडतो.