ऑफर लेटरमधले आठ लाख

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी माझी भाची लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, बाबांनी कोपऱ्यावरून सेव-उसळ आणली होती आणि ही खायच्या आधीच म्हणाली, "मावशी, सव्वीस लाखांची ऑफर आली आहे, पुण्याची. बघतेस का जरा?"

बघितली. अठरा लाख पगार आणि खाली एका ओळीत 'ईसॉप : ₹ ८,००,०००'. बेरीज सव्वीस. बाबांची सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत झाली. त्यांना पीएफ कळतो, ग्रॅच्युइटी कळते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे आठ लाख हातात कधी येणार?" भाचीला उत्तर माहीत नव्हतं. रिक्रूटरने तिला फोनवर "चार हजार ऑप्शन्स आहेत, व्हॅल्यू आठ लाख" एवढंच सांगितलं होतं.

मी स्वतः पंधराएक वर्षं अशा कंपन्यांच्या हिशेब विभागांत काम केलं आहे आणि या प्रकारात एकदा चांगली पोळलेही आहे. ते पुढे येईलच. आधी तिच्या कागदावरचं गणित बघू.

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे. त्या ठरलेल्या भावाला एक्सरसाइज प्राइस म्हणतात. काही कंपन्या ती एक रुपया किंवा दहा रुपये ठेवतात, काही बाजारभावाच्या जवळ ठेवतात. भाचीच्या कागदावर ती लिहिलेलीच नव्हती. म्हणून तिने रिक्रूटरला पहिला प्रश्न पाठवला : एक्सरसाइज प्राइस किती, आणि आठ लाख हा आकडा कसा काढला? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गुंतवणूकदारांनी मागच्या फेरीत शेअरमागे २०० रुपये दिले होते. २०० गुणिले ४,००० म्हणजे आठ लाख. एक्सरसाइज प्राइस ८० रुपये.

म्हणजे प्रत्येक शेअरसाठी हिने आधी ८० रुपये मोजायचे आहेत. आजचा फायदा १२० रुपये, चार हजारांवर ४,८०,००० रुपये. आणि हे ऑप्शन्स चार वर्षांत मिळून हक्काचे होणार होते, म्हणजे वर्षाला सरासरी १,२०,०००. सव्वीस लाखांची ऑफर खरं तर अठरा लाख रोख अधिक वर्षाला सव्वा लाखाच्या आसपासची एक आशा, अशी होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. फक्त चार वर्षांची रक्कम एका वर्षाच्या पगारात मिळवली होती, आणि ती स्वतःच्या खिशातले ८० रुपये न वजा करता.

हे २०० रुपयेसुद्धा जसेच्या तसे धरू नयेत. गुंतवणूकदार बहुधा प्रेफरन्स शेअर घेतात. कंपनी विकली गेली तर आधी त्यांचे पैसे सुटतात, उरलेल्यात साध्या शेअरवाल्यांचा वाटा. कंपनी कमी किमतीला विकली गेली, तर साध्या शेअरच्या वाट्याला काहीच न येणंही शक्य असतं. आणि चार हजार हा आकडा एकूण किती शेअर्सपैकी, हे कळल्याशिवाय त्याला मोठा किंवा छोटा म्हणता येत नाही.

बाबांनी इथे इन्फोसिस काढलं. आपल्याकडे हे संभाषण इन्फोसिसशिवाय होत नाही! १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ती कंपनी १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षापासून तिने नोकरदारांना शेअर द्यायला सुरुवात केली. पण क्रम बघा. आधी बाजारात नोंदणी, मग वाटप. त्यांच्या लोकांकडच्या शेअरला रोज पेपरात भाव छापून येत होता आणि गिऱ्हाईक होतं. भाचीची कंपनी नोंदलेली नाही. तिचे शेअर विकायचे तर कंपनीने स्वतः ते परत घेण्याची योजना काढायला हवी, नवा गुंतवणूकदार यायला हवा, किंवा कंपनी विकली तरी जायला हवी. तोपर्यंत तो कागद.

आता व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन टप्प्याटप्प्याने हक्काचा होणं. आपल्या कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे ऑप्शन दिल्यापासून तो हक्काचा होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. म्हणजे अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर हातात शून्य. यालाच क्लिफ म्हणतात. एक बारकी गोष्ट : हे वर्ष ऑप्शन दिल्याच्या तारखेपासून मोजलं जातं, नोकरीला लागल्यापासून नाही. काही ठिकाणी संचालक मंडळाची बैठक तीन-चार महिन्यांनी होते आणि ग्रँट लेटर तेव्हा हातात पडतं. म्हणून "ग्रँटची तारीख कोणती असेल?" हा प्रश्न विचारायचाच.

वर्षानंतर पुढे काय, ते कंपनी ठरवते. समजा भाची सव्वादोन वर्षांनी निघाली. दरवर्षी पंचवीस टक्के असतील तर तिचे २,००० ऑप्शन्स झालेले असतील. पहिल्या वर्षानंतर दर महिन्याला थोडे थोडे असतील तर २,२५०. आणि पहिल्या वर्षी दहा, मग वीस, तीस, चाळीस टक्के अशी चढती रचना असेल तर फक्त १,२००. ऑप्शन्स तेच चार हजार, 'चार वर्षांचं व्हेस्टिंग' हे शब्दही तेच. उरलेले ऑप्शन्स राजीनाम्याबरोबर रद्द होतात, तो नियमच आहे. (कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर मात्र सगळे ऑप्शन्स वारसांकडे जातात. हेही नियमातच आहे आणि घरच्यांना माहीत असावं.) नोटीस पीरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं की राजीनाम्याच्या दिवशी थांबतं, हेही लेखी विचारून घ्यावं. दोन महिन्यांच्या फरकात एक टप्पा हुकू शकतो.

आणि मी पोळले ती जागा ही. माझे ऑप्शन्स हक्काचे झाले होते. मला वाटलं, झालं, आता माझे आहेत. राजीनामा दिला, निरोपाचा केक कापला, आणि आठवड्याने मेल आली की नव्वद दिवसांत पैसे भरून शेअर घ्या, नाहीतर ऑप्शन्स संपले. हे योजनेच्या कागदात लिहिलेलं होतं. तो कागद मी कधी मागितलाच नव्हता, हिशेब विभागात बसून! त्याच महिन्यात घराचं डाउन पेमेंट भरलं होतं. हातात पैसे नव्हते. नव्वद दिवस गेले आणि तीन वर्षांची ती कमाई विरघळली.

पैसे नक्की किती लागतात, ते भाचीच्याच आकड्यांवर बघा. सव्वादोन वर्षांनी तिचे २,००० ऑप्शन्स हक्काचे आहेत. शेअर घ्यायला ८० रुपयांप्रमाणे १,६०,००० लागतील. समजा तेव्हा मर्चंट बँकरने शेअरची किंमत २८० ठरवली आहे. मग शेअरमागे २०० रुपये हा तिला झालेला लाभ, एकूण ४,००,०००. हा लाभ पगारासारखा करपात्र आहे, शेअर विकलेला नसला तरी. कराचा दर ३० टक्के धरला तर १,२०,०००, वर उपकर. म्हणजे जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार तीन महिन्यांत उभे करायचे, अशा शेअरसाठी जो उद्या विकता येणार नाही. कंपनी जितकी चांगली चालेल तितका हा कर मोठा.

"पण स्टार्टअपना करात सवलत आहे ना?" भाचीने विचारलं. आहे, २०२० च्या अर्थसंकल्पापासून. पात्र स्टार्टअपमध्ये हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो. पण एक तर त्यासाठी स्टार्टअप म्हणून नुसती नोंदणी पुरत नाही, वेगळं प्रमाणपत्र लागतं. दुसरं म्हणजे नोकरी सोडली की ती मुदत संपते आणि चौदा दिवसांत कर भरण्याची वेळ येते. सोडून जाणाऱ्याला त्या सवलतीचा फारसा उपयोग नाही.

पैसे भरून शेअर घेतले तरी एक दार उघडं राहू शकतं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप साडेआठ अब्ज डॉलरला घेतली. त्याआधी नोकरी सोडलेल्या काहींना कळलं की त्यांच्या करारात एक कलम होतं : सोडून गेलेल्याचे हक्काचे झालेले शेअरसुद्धा कंपनी मूळ भावानेच परत घेऊ शकते. इतक्या मोठ्या व्यवहारातून त्यांना काही मिळालं नाही. म्हणून भाचीने विचारलं, "मी सोडून गेल्यावर माझे शेअर परत घेण्याचा हक्क कंपनीला आहे का? असल्यास कोणत्या भावाने?" आणि त्याला जोडून, गैरवर्तनासाठी काढलं तर हक्काचे झालेले ऑप्शन्सही जातात का, आणि 'गैरवर्तन' या शब्दाची व्याख्या काय.

हे सगळं विचारताना तिला संकोच वाटत होता. अजून रुजू झाले नाही आणि सोडण्याच्या गोष्टी, वाईट दिसेल ना? मी तिला मेल अशी लिहायला लावली : "ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी ईसॉपचा भाग नीट समजून घ्यायचा आहे. योजनेची प्रत आणि ग्रँट लेटरचा नमुना पाठवाल का? नोकरी संपल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन्स एक्सरसाइज करायला किती मुदत आहे, तेही कळवावं." यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही. रिक्रूटरला बहुतेक वेळा स्वतःलाच उत्तर माहीत नसतं. तो फायनान्सच्या माणसाला विचारतो. तसं त्याने सांगितलं तर ते चांगलंच. "काळजी करू नका, सगळीकडे स्टँडर्डच असतं" असं उत्तर आलं, तर मात्र कागद हाती येईपर्यंत थांबावं.

चार दिवसांनी योजनेची प्रत आली, एकवीस पानांची. व्हेस्टिंग दरवर्षी पंचवीस टक्के. परत घेण्याचं कलम होतं, पण त्या वेळच्या ठरवलेल्या किमतीने. मुदत नव्वद दिवस. भाचीने फोनवर ती वाढवून मागितली. रिक्रूटर म्हणाला, "मॅडम, योजना सगळ्यांना एकच, ती मला बदलता येणार नाही." मग तिने ईसॉपची ती ओळ बाजूला ठेवून रोख पगारावर बोलणी केली. अठराचे एकोणीस चाळीस झाले.

ती आता पुण्यात आहे. ग्रँट लेटर रुजू झाल्यावर सात आठवड्यांनी आलं. त्याची तारीख तिने आजोबांच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या पानावर लिहून ठेवायला सांगितली, आणि बाबांनी ती लाल पेनाने लिहिली आहे, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली.