पत्ता यूडीपीवर, पान टीसीपीवर

नेटवर्किंग शिकणारे सहसा सांगतात, ‘डीएनएसची विचारणा यूडीपीवरून जाते आणि वेबपान टीसीपीवरून येतं.’ बरोबर आहे, पण ‘बहुतेक वेळा’ एवढी पुस्ती जोडायला हवी.

समजा, तुम्ही ब्राउझरमध्ये मराठी विकिपीडियाचा पत्ता mr.wikipedia.org टाकला. संगणकाला आधी या नावामागचा आयपी पत्ता हवा असतो. त्यासाठीची साधी विचारणा भरते अवघी ३४ बाइट: १२ बाइटचं शीर्ष, १८ बाइटचं नाव आणि प्रश्नाचा प्रकार सांगणारे ४ बाइट. ती यूडीपीवरून ५३ क्रमांकाच्या पोर्टला जाते आणि उत्तर येतं, की काम संपलं. एवढ्याशा प्रश्नासाठी टीसीपी वापरला, तर आधी जोडणी करण्यातच एक फेरी खर्च होते. यूडीपीत पॅकेट हरवलं तर ते कुणी आपणहून परत पाठवत नाही, पण विचारणारा थोडा वेळ थांबून पुन्हा विचारतो. इथे तेवढं पुरतं.

पानाची गोष्ट वेगळी. ते शेकडो पॅकेटांत येतं आणि मधलं एक जरी गळलं, तरी मजकूर तुटतो. टीसीपी प्रत्येक बाइटचा क्रम ठेवतो आणि हरवलेला भाग पुन्हा मागवतो. म्हणून ब्राउझर आधी पोर्ट ४४३ वर जोडणी करतो आणि मगच पान मागतो. (नव्या एचटीटीपी/३ मध्ये मात्र पानही यूडीपीवरून येतं, हरवलेलं परत मागवायचं काम तिथे क्विक करतो.)

डीएनएसचंही नेहमी यूडीपीवर भागत नाही. १९८७च्या मूळ नियमात यूडीपीवरच्या उत्तराला ५१२ बाइटांची मर्यादा होती. पुढे विस्तार येऊन ती वाढली, तरी उत्तर मावलं नाही तर सर्व्हर ते अर्धवट पाठवतो आणि ‘कापलं आहे’ अशी खूण लावतो. ती दिसताच विचारणारा तोच प्रश्न टीसीपीवरून, त्याच ५३ पोर्टवर, पुन्हा विचारतो.

घोळ होतो तो इथेच. ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ हे पाठ केलेला एखादा जण फायरवॉलमध्ये टीसीपीचं ५३ बंद करून ठेवतो. मग रोजची नावं झटकन सापडतात, पण डिजिटल सह्या असलेली किंवा लांबलचक नोंदींची नावं अडकून राहतात. दोष इंटरनेटवर जातो. शंका आली तर दोन्ही वाटा तपासून पाहा:

```
dig mr.wikipedia.org
dig +tcp mr.wikipedia.org
```

पहिल्या आज्ञेला उत्तर आलं आणि दुसरी ताटकळली, तर आधी फायरवॉलचे नियम उघडून टीसीपीचं ५३ सुरू करा.