मॅकरॉनचे पाय आणि पोटातली पोकळी

बारामती-इंदापूरचा मुलूख उसाचा, त्यामुळे घरात एखादे मिष्टान्न बिघडले की कसूर साखरेच्या पदरात टाकण्याची आम्हां लोकांना खोड आहे. इंदापूरच्या माझ्या भाचीने आषाढात मॅकरॉन केले, त्यांना ना खाली झालरीसारखे पाय फुटले, ना पोट भरले, तेव्हा तिचीही पहिली फिर्याद साखरेविरुद्धच होती. प्रमाण मात्र चोख होते: अंड्यांचा पांढरा बलक १०० ग्रॅम, बदामाचे पीठ व पिठीसाखर प्रत्येकी १३० ग्रॅम, आणि फेसात घालण्याची बारीक साखर ९० ग्रॅम.

पाय फुटण्यासाठी बेकिंग पावडर हवी, हा पहिला गैरसमज. वस्तुतः ट्रेवर पाडलेल्या ठिपक्यांचा पृष्ठभाग वाळून त्यावर पातळ साय धरली, म्हणजे भट्टीत आत कोंडलेल्या वाफेला वरून वाट मिळत नाही, ती कवचाला उचलते, आणि बुडाशी जे मिश्रण बाहेर डोकावते तेच पाय होत. साय नसेल तर वाफ माथा फोडून निघून जाते. आता ही साय धरण्यास अर्धा तास पुरतो, असा पुस्तकी हुकूम बारामतीच्या वैशाखातील कोरड्या हवेत चालेल. आषाढातल्या दमट हवेत तो चालत नाही. तेथे घड्याळापेक्षा बोट अधिक विश्वासार्ह: हलके टेकवले असता मिश्रण बोटास चिकटू नये.

म्हणून आम्ही एकाच मिश्रणाचे दोन ट्रे केले. पहिला तत्काळ १५० अंशांवर भाजला. त्याचे माथे तडकले आणि पाय आले नाहीत. दुसरा पंख्याखाली सव्वा तास ठेवला; त्याला पाय आले, परंतु कवच मोडून पाहतो तो आत पोकळी जशीच्या तशी!

येथेच दुसरा, आणि माझ्या मते अधिक घातक, गैरसमज उघडा पडला. फेसातली हवा जपावी म्हणून भाचीने केकच्या सवयीने मिश्रण अतिशय हळुवारपणे दुमडले होते. मॅकरॉनमध्ये मात्र काही हवा हेतुपुरस्सर मोडावी लागते, नाहीतर मोठे बुडबुडे भाजताना एकत्र होऊन सालीखाली जमतात आणि कवच आतून पोकळ राहते. फेस कोरडा पडेपर्यंत घोटला असेल तर हा धोका वाढतो. पुढच्या खेपेस तिने फेस टोक धरताच थांबवला, आणि मिश्रण स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबून पसरत, पुन्हा गोळा करत दुमडले. स्पॅच्युला उचलल्यावर ते अखंड फितीसारखे ओघळू लागले आणि भांड्यात पडलेली फीत सुमारे पंधरा सेकंदांत विरून सपाट झाली, तेव्हा तिने हात आवरला. याच्या पुढे दुमडत गेल्यास मिश्रण पळू लागते, ठिपके पसरतात, आणि मग कितीही वाळवले तरी पाय धड येत नाहीत. ही चूक दुरुस्त होत नाही. ट्रे ओट्यावर दोनदा आपटून वर आलेले बुडबुडे सुईने फोडले, बोटाची परीक्षा उतरेपर्यंत वाळवले, आणि १५० अंशांवरच पंधरा मिनिटे भाजले.

या खेपेस पाय सरळ आले, पोट भरले. साखर त्याच पुड्यातली होती.